विश्लेषण : साखरेच्या पोत्यात नदीचा खर्च का धरला जात नाही?

जुन्नर आणि आंबेगाव हे उसाचे तालुके आहेत. जुन्नरमध्ये विघ्नहर आणि आंबेगावमध्ये भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत. कल्याण-नगर महामार्गावरच्या पिंपरी पेंढारसारख्या गावात ऊस हे नगदी पीक आहे आणि विहिरीचे पाणी हा त्याचा आधार. गाळप हंगाम सुरू झाला की चर्चा असते ती एफआरपीची, तोडणी-वाहतुकीच्या खर्चाची आणि साखरेच्या भावाची. साखर तयार होताना जे सांडपाणी बाहेर पडते, त्याचा खर्च मात्र या हिशेबात नीट कुठेच दिसत नाही. हा खर्च कोणाच्या वहीत असतो, तो कारखान्याच्या वहीत कसा आणायचा आणि भारताने तसा प्रयत्न केला तेव्हा काय चुकले, याचा हा आढावा.

खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांत फरक कसा पडतो?

ऊस, मजुरी, इंधन, चुना, गंधक, कर्जावरचे व्याज हे सगळे कारखान्याला पैसे मोजून घ्यावे लागते. हा खासगी खर्च. नदी मात्र बिल पाठवत नाही. साखर, मळी, तेल यांचे अंश असलेले पाणी ओढ्यात गेले की त्यातले सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. ही ऑक्सिजनची गरज म्हणजे ‘बीओडी’. तो वाढला की मासे मरतात, पाण्याला वास सुटतो, खालच्या अंगाच्या विहिरी बिघडतात. जनावरांसाठी पाणी लांबून आणावे लागते, टँकर बोलवावा लागतो. हा खर्च खराच असतो, पण तो भरणारा माणूस वेगळा असतो. अर्थशास्त्रात याला बाह्यता म्हणतात. खासगी खर्चात तिसऱ्यावर पडलेला हा भार मिळवला की सामाजिक खर्च निघतो.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी 1920 साली ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’मध्ये या फरकाची मांडणी केली. रेल्वे इंजिनाच्या ठिणग्यांनी रुळालगतच्या रानाचे नुकसान होते, पण ते रेल्वेच्या हिशेबात येत नाही, हे त्यांचे गाजलेले उदाहरण. उपाय साधा होता : दुसऱ्यावर जितके नुकसान लादले जाते तितका कर लावा, म्हणजे नुकसान करणाऱ्यालाच ते खर्चासारखे दिसेल. ‘बाधितांनी कारखान्याशी बोलून मिटवावे’ हा मार्ग एक कारखाना आणि एक शेजारी असेल तर चालू शकतो. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला आणि भीमेचे पाणी उजनीत जाते. या वाटेवरच्या हजारो विहीरमालकांनी एकत्र येऊन वाटाघाट करणे व्यवहारात शक्य नाही.

कराने नेमके काय बदलते?

एक हिशेब करून पाहू. तो कोणत्याही प्रत्यक्ष कारखान्याचा नाही आणि त्यातले रुपयांचे आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा, कारखाना दिवसाला 5,000 टन ऊस गाळतो. टनामागे 200 लिटर सांडपाणी, ही साखर उद्योगासाठीच्या नियमांतली मर्यादा धरली, तर दिवसाला 10 लाख लिटर, म्हणजे 1,000 घनमीटर पाणी बाहेर पडते. प्रक्रिया न केलेल्या पाण्याचा बीओडी लिटरला 1,000 मिलिग्रॅम धरला, तर रोज 1,000 किलो बीओडी ओढ्यात जातो. एका किलोमुळे खालच्या अंगाला 60 रुपयांचे नुकसान होते असे मानू. मग रोजचे नुकसान 60,000 रुपये, म्हणजे टन उसामागे 12 रुपये. हे पैसे कारखान्याने भरलेले नसतात.

आता पाणी स्वच्छ करण्याचा खर्च. पहिली घाण स्वस्तात निघते, शेवटची महाग पडते. समजा, 1,000 वरून 300 मिलिग्रॅमपर्यंत आणायला किलोमागे 15 रुपये लागतात, 300 वरून 100 पर्यंत 40 रुपये आणि 100 वरून 30 पर्यंत 90 रुपये. किलोमागे 60 रुपये कर लावला, तर पहिल्या दोन टप्प्यांत कर भरण्यापेक्षा स्वच्छ करणे स्वस्त पडते. कारखाना 700 किलोसाठी 10,500 आणि पुढच्या 200 किलोसाठी 8,000 रुपये खर्च करील. उरलेल्या 100 किलोंवर 6,000 रुपये कर भरील. एकूण 24,500 रुपये, म्हणजे टनामागे 4 रुपये 90 पैसे. खालच्या अंगाचे नुकसान 60,000 वरून 6,000 वर येईल. प्रक्रियेचा खर्च धरूनही समाजाचे रोज 35,500 रुपये वाचतील.

यात अधिकाऱ्याने ‘कोणते यंत्र बसवा’ हे सांगितलेले नाही. कारखान्याच्या अभियंत्याला आपला खर्च ठाऊक असतो. करामुळे त्याला नदीचाही खर्च दिसू लागतो. शिवाय कर शून्य प्रदूषण मागत नाही. शेवटच्या टप्प्यात 60 रुपयांचे नुकसान टाळायला 90 रुपये घालावे लागतात, म्हणून तो टप्पा कराने आपोआप गाठला जात नाही. उद्या स्वस्त तंत्र आले की मात्र तोही गाठला जाईल, कारण उरलेल्या प्रत्येक किलोवर मीटर चालूच असतो.

भारतात असा कर नव्हता का?

होता, निदान नावापुरता. 1977 साली संसदेने पाणी उपकराचा कायदा केला. ठरावीक उद्योग आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याकडून पाण्याच्या वापरावर उपकर घेतला जाई. 2003 च्या दरांनुसार, ज्या प्रक्रियेत पाण्यात सहज कुजणारी घाण मिसळते तिच्यासाठी घनमीटरला 10 पैसे आणि अटी न पाळणाऱ्याला 20 पैसे असा दर होता. वरच्या कारखान्याने रोज 1,000 घनमीटर पाणी वापरले असे धरले, तर उपकर होतो दिवसाला 100 रुपये, फार तर 200. नुकसान 60,000 रुपयांचे. अशा दरात प्रक्रिया केंद्राचे पंप बंद ठेवणे हाच फायद्याचा व्यवहार ठरतो.

दर कमी होता, ही एक चूक. दुसरी जास्त खोल होती. उपकर वापरलेल्या पाण्यावर होता, सोडलेल्या घाणीवर नव्हता. प्रक्रिया केंद्र बसवणाऱ्याला 25 टक्के सूट मिळे, पण 300 वरून 100 पर्यंत येणाऱ्याला त्या मेहनतीचा वेगळा लाभ नव्हता. उपकराचा मूळ हेतूच प्रदूषण नियंत्रण मंडळांसाठी पैसा उभा करणे हा होता. वस्तू आणि सेवा कर लागू होताना, 1 जुलै 2017 पासून तो रद्द झाला. चुकीचा कर गेला याचे दुःख नाही. त्या जागी योग्य कर आला नाही, याचे आहे.

दंड आहे ना, मग कर कशाला?

नियम मोडणाऱ्यांकडून ‘पर्यावरणीय भरपाई’ घेण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक सूत्र ठरवून दिले : EC = PI × N × R × S × LF. म्हणजे उद्योगाच्या गटाचा निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांतला गुणक, उद्योगाचा आकार आणि ठिकाण यांचा गुणाकार. लाल गटातल्या मोठ्या उद्योगासाठी 80, 250 रुपये आणि 1.5 हे आकडे घेतले आणि ठिकाणाचा गुणक 1 धरला, तर दिवसाला 30,000 रुपये होतात. रक्कम लहान नाही. पण या गुणाकारात किलो कुठेच नाहीत. मर्यादा थोडी ओलांडणारा आणि दहापट ओलांडणारा सारखेच देतात. मर्यादेच्या आत असलेला काहीच देत नाही, म्हणून आणखी सुधारण्याचे त्याला कारण उरत नाही. आणि भरपाई पकडले गेल्यावरच लागते.

तरीही मानक मर्यादा मोडीत काढून चालणार नाही. आपल्या हिशेबात प्रत्येक किलोचे नुकसान सारखे धरले आहे. प्रत्यक्षात गाळप चालते ते हिवाळा-उन्हाळ्यात, जेव्हा ओढ्याला पाणी कमी असते आणि तोच किलो जास्त मारक ठरतो. त्यामुळे मर्यादा ही शेवटची भिंत राहावी आणि भिंतीच्या आत प्रत्येक किलोवर कर असावा. दर ऋतूप्रमाणे बदलता आला तर उत्तम.

मोजमापावर विश्वास ठेवता येईल का?

या कराची खरी परीक्षा इथे आहे. साखर आणि आसवनी उद्योगांना सांडपाण्याच्या ऑनलाइन मोजमापाची सक्ती आहे, पण यंत्र आहे म्हणजे आकडा खरा आहे असे नाही. लिटरमागच्या मर्यादेला फसवायला स्वच्छ पाणी मिसळले तरी पुरते. किलोवरच्या कराला ही युक्ती चालत नाही, कारण पाणी वाढते पण किलो तितकेच राहतात. म्हणून प्रवाहाचे मीटर आणि बीओडीचे नमुने दोन्ही हवेत. चोरवाट शोधायचे साधे मार्गही आहेत. प्रक्रिया केंद्रातील हवा खेळवणाऱ्या यंत्रांना वेगळे वीजमीटर असावे. युनिट पडले नसतील, तर पाणी स्वच्छ झालेले नाही. आत आलेले आणि बाहेर गेलेले पाणी यांचा मेळ बसत नसेल, तर रात्रीचा नळ कुठेतरी उघडतो आहे.

हा पैसा शेवटी उसाच्या दरातून जाणार का?

सहकारी कारखान्यात हा प्रश्न रास्त आहे, कारण मालक सभासदच आहेत. स्वीडनने 1992 मध्ये मोठ्या बॉयलरांच्या नायट्रोजन ऑक्साइडवर किलोमागे 40 क्रोनर आकारायला सुरुवात केली आणि जमलेली रक्कम त्याच उद्योगांना, त्यांनी निर्माण केलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात परत दिली. सरासरीपेक्षा स्वच्छ असणाऱ्याला पैसे मिळाले, घाण करणाऱ्याला द्यावे लागले. महाराष्ट्रात हीच रक्कम साखरेच्या क्विंटलप्रमाणे कारखान्यांना परत देता येईल. मात्र काही वाटा खालच्या अंगाच्या गावांना पाण्यासाठी मिळायला हवा. कोळशावरचा उपकर 2010 मधल्या टनाला 50 रुपयांवरून 2016 पर्यंत 400 वर गेला आणि पुढच्याच वर्षी राज्यांच्या जीएसटी भरपाईत वळवला गेला. पैसा कुठे जातो हे दिसत नसेल, तर कराला पाठिंबा टिकत नाही.

टनामागे पाच रुपयांच्या आसपासचा हा भार सभासदाला नवा वाटेल. पण आज टनामागचे बारा रुपये कोणीतरी भरतोच आहे, विहिरीचा गाळ काढून किंवा टँकर मागवून. बऱ्याचदा तो त्याच कारखान्याचा सभासद असतो. फक्त त्याला त्याची पावती मिळत नाही.