ओलावा न लिहिता लावलेला भाव हा भाव नाही

सोयाबीनची रास झाली की आपल्याकडं एकच प्रश्न असतो, "आज लातूर काय निघालं?" अहमदपूर, लोहा, कंधारचा माल लातूरलाही जातो आणि नांदेडलाही. पण नांदेडचा आडत्यासुद्धा सकाळी आधी लातूरकडं बघतो, कारण तेलाचे प्लांट तिथं आहेत. प्लांट तेल आणि पेंडीचे दर बघून आपला भाव काढतो, आणि तो 10 टक्के ओलाव्याच्या मालाचा असतो. तिथून मागं कापत कापत तो आपल्या ढिगापर्यंत येतो. कापाकापीला माझा विरोध नाही. ती कशाच्या आधारावर होते, एवढंच माझं भांडण आहे.

एक ढीग धरा. 12 क्विंटल माल, ओलावा 15 टक्के, प्लांटचा भाव 4400. आता 15 टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलमध्ये 85 किलो कोरडा माल असतो, आणि प्लांट ज्या मालाचे 4400 देतो त्यात 90 किलो. म्हणजे 4400 गुणिले 85 भागिले 90. उत्तर येतं साधारण 4156. थोडक्यात, दहाच्या वरच्या दर टक्क्याला पन्नासेक रुपये कमी होणं रास्त आहे. खरेदीदार मूठभर दाणे दाताखाली घेतो, "माल ओला हाय" म्हणतो आणि 3950 लावतो. क्विंटलमागं 206 रुपये जास्तीचे गेले, बारा क्विंटलला जवळपास 2470. ओला माल ढिगात तापतो, वाळवायला जागा आणि मजुरी लागते, हे मान्य. तेवढे पैसे वेगळे लावा की! पण आकडा सांगून लावा. आणि भावात कापल्यावर पुन्हा काट्यावर घट धरली असेल तर एकाच पाण्याचे पैसे दोनदा गेले. हिशोबपट्टी घरी येऊन नाही, तिथंच उभं राहून वाचा.

यावर उत्तर म्हणून 14 एप्रिल 2016 ला ई-नाम आलं. कागदावर ते चांगलं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. गेटवर नोंद, ढिगाला लॉट नंबर, नमुना काढून प्रयोगशाळेत ओलावा आणि काडीकचरा तपासायचा, तो निकाल पडद्यावर टाकायचा, मग व्यापाऱ्यांनी बोली लावायची. बोली पटली नाही तर नाही म्हणायचा हक्क शेतकऱ्याचा. काटा त्याच्यानंतर. या साखळीचा जीव तपासणीत आहे. इंदूरचा खरेदीदार लातूरचा ढीग दाताखाली घेऊ शकत नाही, त्याला आकडाच लागतो. आकडा नसला की तो बोली लावत नाही आणि राहतात तेच चार ओळखीचे लोक, जे आधीही ओट्यावर उभे होते.

मग होतं काय, तर सौदा तोंडी, माप झालेलं, आणि नंतर कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून ते आकडे भरतो. अहवालात ई-व्यापार वाढलेला दिसतो. एका बाजार समितीत माझ्या स्वतःच्या लॉटवर एकच बोली होती आणि तिची वेळ काट्याच्या पावतीनंतरची होती. याला लिलाव म्हणायचं का? तुमच्या लॉटचंही असंच ओळखता येतं. बोली किती आल्या, बोलीची वेळ काट्याच्या आधीची की नंतरची आणि तपासणीचा निकाल बोलीआधी लागला होता का, एवढं बघा. निकालच नसेल तर पुढचं बघायची गरजच नाही.

पणन मंडळाच्या रोजच्या भावपत्रकाचंही तेच. किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन आकडे असतात, पण किमान भावाचा माल 18 टक्के ओला होता की 11 टक्क्यांचा पाडलेला, हे कुठंच नाही. त्या पत्रकावरून लातूरला जावं की नांदेडला, हे ठरवणार कसं? भाड्याचा फरक कळतो, मालाचा कळत नाही.

सरकारी खरेदीत निदान ही लबाडी नाही. तिथं 12 टक्के ओलाव्याची अट लिहिलेली असते, आणि 2024 च्या खरिपात केंद्रानं ती 15 टक्क्यांपर्यंत सैल केली तेव्हा परत जाणारा माल घेतला जाऊ लागला. सरकारला जो आकडा लिहिता येतो, तो बाजार समितीला का येऊ नये? ओलावा मोजायचं यंत्र काही विमान नाही. वायदा 20 डिसेंबर 2021 ला बंद केला गेला, म्हणजे पुढच्या महिन्याच्या भावाचा तो अंदाजही आपल्या हातून गेला. हातात राहतो तो आजचा सौदा, आणि तोही दातानं.

माझी मागणी लहान आहे. लातूर आणि नांदेड, दोन्हीकडं भावपत्रकात आणि शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीवर भावाशेजारी ओलाव्याचा एक रकाना छापा. तोपर्यंत गावात दहा-बारा जणांनी मिळून एक मीटर घ्या, पोती भरण्याआधी चार ठिकाणचा नमुना मोजा, तारीख टाकून आकडा कागदावर लिहा आणि सौद्याच्या वेळी तो कागद आडत्यासमोर ठेवा. "तुमचं यंत्र चुकीचं हाय" असं तो म्हणेल. मग त्याचं यंत्र मागवा.