अब्बू चुकले का?

मागच्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. त्यांचे पती इमारतीच्या दुरुस्ती फंडाचे खजिनदार होते. गच्चीच्या कामासाठी जमा झालेले साठ हजार रुपये रोख घरी ठेवलेले होते, कारण ठेकेदार दोन दिवसांत यायचा होता. त्याच रात्री धाकट्या दिराच्या पत्नीची प्रसूती अडली. इस्पितळाने अनामत मागितली. घरात होते नव्हते ते गोळा करूनही पंचवीस हजार कमी पडले. पतीने ते फंडातून उचलले. पावसामुळे ठेकेदार लांबला आणि नवव्या दिवशी पैसे परत जागेवर आले. कुणाला काही कळले नव्हते. पण पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःच उभे राहून सांगितले. बरीच बोलाचाली झाली आणि खजिनदारी गेली.

भगिनींचे दुःख खजिनदारीचे नाही. त्या लिहितात, "घरात मुलांनीच न्यायनिवाडा मांडला. धाकटी सहा वर्षांची, ती म्हणते अब्बू चुकले. मधला अकराचा, तो म्हणतो बरोबर केले. आणि सोळा वर्षांचा थोरला म्हणतो, ती अमानत होती, अब्बूंना हात लावायचा हक्कच नव्हता. ज्याच्यासाठी बापाने रक्त आटवले तो मुलगा बापाला चोर ठरवतो, आमच्या तरबियतमध्ये काय कमी पडले?"

या पत्रावर मी बरेच दिवस विचार केला. मला वाटते, भगिनींनी निकाल ऐकला, कारण ऐकायचे राहिले.

1958 साली अमेरिकेत शिकागो विद्यापीठात लॉरेन्स कोलबर्ग या संशोधकाने दहा, तेरा आणि सोळा वर्षांच्या मुलांसमोर एक गोष्ट ठेवली होती. हाइन्झ नावाच्या माणसाची बायको कर्करोगाने मरणाला टेकली आहे. औषध एकाच औषधविक्रेत्याकडे आहे. त्याला ते दोनशे डॉलरला पडते, तो दोन हजार मागतो. हाइन्झ उसनवारी करून हजार जमवतो, पण विक्रेता उधारी द्यायला तयार नाही. शेवटी हाइन्झ दुकान फोडून औषध नेतो. त्याने तसे करायला हवे होते का? मूल "हो" म्हणाले की "नाही", याला कोलबर्गने महत्त्व दिले नाही. तो पुढे "का?" विचारत राहिला आणि उत्तरातल्या कारणावरून त्याने सहा पायऱ्या मांडल्या. सुरुवातीला शिक्षेची भीती, मग देण्याघेण्याचा हिशेब. पुढे आपल्या माणसांच्या नजरेत चांगले असणे, त्यानंतर नियम आणि व्यवस्था टिकवणे. सर्वांत वर, नियम कशासाठी केला याचा विचार आणि माणसाच्या जिवाचा, हक्काचा मान.

आता त्या घरातल्या तिघांकडे पाहू. मी भगिनींना फोन करून विचारले, "धाकटी चुकले म्हणाली, पण कशामुळे?" उत्तर ऐकून मला हसू आले. भैयाने मागे पतंगासाठी न विचारता दहा रुपये घेतले होते. अब्बूंनी तर खूप खूप घेतले, म्हणून अब्बू जास्त चुकले! आणि सगळे काका अब्बूंना ओरडले, म्हणजे चूकच.

स्वित्झर्लंडच्या झाँ पियाजेने 1932 च्या आपल्या पुस्तकात हेच दाखवले होते. एक मुलगा जेवायला बोलावले म्हणून दार ढकलतो. दारामागे कपांचा ट्रे आहे हे त्याला ठाऊक नसते आणि पंधरा कप फुटतात. दुसरा आई नसताना चोरून मुरंबा काढायला जातो आणि एक कप फोडतो. जास्त वाईट कोण? लहान मुलांपैकी बरीच जण म्हणाली, पंधरा कप फोडणारा. नीयत बाजूला, नुकसान मोजले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पियाजेच्या गोष्टीत नीयत आणि नुकसान एकत्र गुंतलेले आहेत. पुढच्या संशोधकांनी त्या दोन गोष्टी वेगळ्या करून, चित्रे दाखवून विचारले, तेव्हा तीन-चार वर्षांची मुलेही नीयत ओळखतात असे दिसले. म्हणून धाकटीला नीयत कळत नाही असे समजू नका. मोठा आकडा समोर आला की ती मागे पडते, इतकेच.

मधल्याचे "बरोबर केले" कशावर उभे होते? चाचांनी मागच्या ईदला त्याला सायकल घेऊन दिली होती, मग अब्बूंनी मदत करायलाच हवी. हा देण्याघेण्याचा हिशेब झाला. पण लगेच तो असेही म्हणाला की, चाची रडत असताना चांगला भाऊ गप्प कसा बसेल? एकाच मुलाच्या तोंडून दोन पायऱ्या. असे नेहमी होते. मुले शाळेच्या इयत्तेसारखी एका पायरीवर बसलेली नसतात.

आणि थोरला. त्याचा निकाल धाकटीसारखाच, "चुकले". कारण मात्र दुसऱ्या टोकाचे. त्याचे म्हणणे, आज आपल्या घरची अडचण खरी होती. उद्या दुसऱ्या खजिनदाराचीही खरीच असेल. प्रत्येक जण असे करू लागला तर लोकांनी पैसे कुणाकडे ठेवायचे? यात बापाला चोर ठरवणे कुठे आहे? हा मुलगा आपल्या घराच्या भिंतीबाहेर, चौतीस बिऱ्हाडांच्या जागी उभा राहून पाहतो आहे. भगिनींनी त्याला गप्प केले, याचे मला जास्त वाईट वाटले. (दादींचे कारण, "बैठकीत बोलायची गरज काय होती, लोकांत नाचक्की झाली", हे कोणत्या पायरीवर बसते ते मी सांगत नाही. कोलबर्गच्या मुलांचा वीस वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा बहुतेक मोठी माणसेही मधल्याच पायऱ्यांवर आढळली.)

या शिडीला मर्यादा आहेत. कोलबर्गची सुरुवातीची सगळी मुले मुलगे होती. 1982 साली कॅरोल गिलिगन या विदुषीने आक्षेप घेतला की, माणसाची काळजी आणि नाते यांतून आलेला विचार या शिडीवर उगीच खाली ढकलला जातो. चाचीच्या रडण्याची बाजू घेणारा मधला थोरल्यापेक्षा कमी ठरतो का? मला तसे वाटत नाही. शिवाय ही शिडी मुलाचे कारण मोजते, अब्बूंचा निर्णय नव्हे. तिघांच्या उत्तरांतून तिघांची समज कळली. अब्बूंनी कोणत्या कारणाने हात घातला, ते अब्बूंनाच विचारावे लागेल.

मी भगिनींना दोन प्रश्न दिले, कोलबर्ग विचारायचा त्याच धर्तीचे. चाचीच्या जागी वॉचमनची बायको असती तर? आणि हे कुणाला कधीच कळणार नसते तर?

धाकटीला प्रश्न कंटाळवाणे वाटले. मधला पहिल्या प्रश्नावर अडला, वॉचमनने तर त्याला काही दिले नव्हते. शेवटी म्हणाला, "तिचंही बाळ असेल ना." थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वॉचमनची बायको असती तरी घ्यायला हवे होते. जीव आधी. पण त्या रात्री सेक्रेटरींना फोन करता आला असता. निदान सकाळी. नऊ दिवस नाही."

मलाही अब्बूंच्या निर्णयात तेवढीच चूक दिसते.

अब्बू आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकले. बाहेर येऊन थोरल्याजवळ बसले आणि म्हणाले, "पहिले तीन दिवस चाचीसाठी होते, बेटा. पुढचे सहा माझ्या भीतीचे."