११/१२ म्हणजे नेमकं कधी?

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. इथे टोकियोत तो एरवीसारखाच एक रविवार असेल आणि सोमवारी सकाळी गाड्या नेहमीसारख्याच भरलेल्या असतील. म्हणून आपल्यापैकी बरेच जण आठवडाभराची रजा काढून घरी जातात. बॅग भरून होते, फराळासाठी रिकामे डबे आत जातात, नारिताला जायची गाडी ठरते आणि रात्री अकरा वाजता आठवतं, की ऑफिसच्या मेलवर सुट्टीचं आपोआप जाणारं उत्तर लावायचं राहिलंय. झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी दोन ओळी लिहून आपण लॅपटॉप बंद करतो. या वेळच्या सदरात त्या दोन ओळींबद्दल लिहिते आहे, कारण एकदा त्यांनी मला चांगलंच अडचणीत आणलं होतं.

गोष्ट २०१८ची. त्या वर्षी दिवाळी ७ नोव्हेंबरला होती आणि मी सोमवारी, १२ नोव्हेंबरला कामावर परतणार होते. निघायच्या रात्री मी इंग्रजीत लिहिलं, की दिवाळीसाठी कुटुंबाला भेटायला पुण्याला जाते आहे, आईची तब्येतही जरा नरम आहे, ११/१२ला परत येईन, तोवर शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्यांशी बोला. माझ्या डोक्यात तेव्हा जपानी क्रम पक्का बसलेला होता, आधी महिना आणि मग दिवस. पण ते उत्तर ज्यांना सर्वांत जास्त लागणार होतं ती आमच्यासाठी काम करणारी मंडळी भारतात होती. त्यांनी आपल्याकडच्या रीतीने आधी दिवस वाचला आणि मग महिना. ११ डिसेंबर.

त्यांचा समज अगदी रास्त होता. आई आजारी, बाई घरी गेलेल्या, म्हणजे महिनाभर लागणारच. माझ्या तपासणीशिवाय पुढे सरकत नसलेलं काम त्यांनी बाजूला ठेवलं आणि माणसं दुसरीकडे लावली. मी १२ तारखेला येऊन बसले तर माझ्यासमोर तपासायला काहीच नव्हतं. ती माणसं परत मिळून काम रुळावर यायला दोन आठवडे गेले. इकडे ज्यांचं नाव मी दिलं होतं त्या सहकाऱ्यांना मी निघताना "थोडं बघाल ना?" एवढंच म्हटलं होतं. त्यांना भारतातून इंग्रजीत फोन आला, कशाबद्दल आहे हे काहीच कळेना आणि बिचारे माझ्या वतीने माफी मागत बसले. परत आल्यावर मला दोन्हीकडे वाकून माफी मागावी लागली. चूक सर्वस्वी माझीच होती.

तेव्हापासून मी हे उत्तर समोरच्याच्या जागी बसून लिहिते. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: तुम्ही आत्ता नाही आहात का, उत्तर कधी मिळेल आणि तोवर थांबता येत नसेल तर कोणाला विचारायचं. तुम्ही कुठे गेलात आणि का गेलात हा त्याचा प्रश्नच नसतो.

आधी तारखेचं बघू. महिना आकड्यात लिहिला की घोळ होतो, म्हणून इंग्रजीत महिन्याचं नाव अक्षरांत लिहा. जपानीत महिना आणि दिवस यांची अक्षरंच तारखेत येतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न उरत नाही. दुसरं, तारखेबरोबर वार लिहा. वार हा ताळा असतो. घाईत १२चे १३ झाले तर "गुरुवार, १३" हे जुळत नाही हे लिहितानाच तुमच्या लक्षात येईल, आणि नाही आलं तरी वाचणारा चुकीच्या दिवशी वाट पाहण्याआधी विचारेल. तिसरं, "११ तारखेपर्यंत नाही" एवढंच लिहून थांबू नका. ११ला आहात की १२ला, हे कोड्यात राहतं. रजेचा शेवटचा दिवस आणि कामाचा पहिला दिवस असे दोन्ही लिहिले की शंका राहत नाही.

आणि कामाचा पहिला दिवस म्हणजे विमान उतरण्याचा दिवस नव्हे. भारतातून रात्री निघणारी विमानं इथे सकाळी पोचतात. त्याच दिवशी दुपारी मेल बघू, असं आपण मनाशी म्हणतो. विमानाला उशीर झाला किंवा मूल तापलं, तर दिलेला शब्द मोडतो. मी उतरण्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख देते. लवकर उत्तर आलं म्हणून कोणी रागावत नाही.

आता दुसऱ्या माणसाचं. ज्याचं नाव द्यायचं त्याला आधी विचारायचं, आणि नुसतं विचारून भागत नाही. या आठवड्यात कोणाचा मेल किंवा फोन येण्याची शक्यता आहे, कोणत्या गोष्टीवर तो निर्णय देऊ शकतो आणि कोणती माझ्या परतण्यापर्यंत थांबेल, एवढं पाच-सहा ओळींत लिहून द्या. तो स्वतः त्या दिवसांत रजेवर नाही ना, हेही बघा. नोव्हेंबरमध्ये इथे ३ आणि २३ तारखेला सुट्ट्या असतात आणि त्यांना जोडून रजा काढणारे पुष्कळ. नंबर विभागाचा द्या, कोणाचा खासगी मोबाइल नको. विभागाचा फोन कोणीतरी उचलतंच.

इथे आपल्या लोकांकडून हमखास होणारी एक चूक सांगते. आपल्याला वडीलधाऱ्यांच्या, साहेबांच्या नावापुढे मान लावायची सवय, आणि जपानीत "सान" लावायला आपण पहिल्याच आठवड्यात शिकतो. पण कंपनीबाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या कंपनीतल्या माणसाला, मग तो तुमचा वरिष्ठ का असेना, "सान" लावत नाहीत. बाहेरच्यापुढे आपली बाजू नम्र, अशी त्यामागची रीत. म्हणून बाहेर जाणाऱ्या उत्तरात नुसतं आडनाव लिहायचं. आतल्या लोकांना जाणाऱ्या उत्तरात मात्र "सान" हवंच.

कारण मुळीच लिहू नये का? माझं मत, नको. रजेच्या अर्जावरसुद्धा इथे बहुतेक जण "शियो नो तामे", म्हणजे खासगी कामासाठी, एवढंच लिहितात. हक्काची पगारी रजा कशासाठी वापरायची हे कामगाराने ठरवायचं, असा निकाल जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली दिलेला आहे. मग जे वरिष्ठांना सांगायचं बंधन नाही ते अनोळखी माणसाला कशाला सांगायचं? हे उत्तर तुम्हाला मेल पाठवणाऱ्या कोणालाही जाऊ शकतं. घर आठवडाभर बंद आहे, बाई परदेशात आहेत आणि त्यांच्या जागी अमुक माणूस काम बघतो आहे, एवढं कळलं तर तुमच्या नावाने त्या माणसाला "तातडीने पैसे पाठवा" असा खोटा मेल लिहिणं फसवणाऱ्याला सोपं जातं. आणि माझ्या २०१८च्या उत्तरात आईच्या तब्येतीनेच तर गैरसमज पक्का केला होता. जास्तीची माहिती वाचणाऱ्याला अंदाज बांधायला लावते.

यंदा मी ५ ते ११ नोव्हेंबर रजेवर आहे आणि योगायोगाने परतण्याची तारीख पुन्हा १२ नोव्हेंबरच आहे. या वेळी लावणार आहे ते उत्तर असं. ○○च्या जागी आडनाव आणि नंबर येईल.

```
メールをありがとうございます。
11月5日(木)から11月11日(水)まで不在にしております。
11月12日(木)以降、順にお返事いたします。
お急ぎの場合は、業務部・○○(電話 ○○)までご連絡ください。

I am out of the office from Thursday, 5 November
to Wednesday, 11 November.
I will reply from Thursday, 12 November.
For urgent matters, please contact ○○,
Operations Department (phone ○○).
```

जपानी मजकूर वर ठेवला, कारण मला येणारे बरेच मेल जपानीत असतात. तिसऱ्या ओळीतल्या "इको, जुन्नी"चा अर्थ "त्या दिवसापासून, एकेक करून". १२च्या सकाळी साचलेल्या सगळ्या मेलना उत्तर द्यायचं वचन त्यात नाही, आणि वाचणाराही ते समजून घेतो. रजेचं कारण, गाव, दिवाळी यांतलं काहीच नाही. ज्यांना दिवाळीचं सांगावंसं वाटतं त्यांना मी आधीच तोंडी सांगितलेलं असतं.

आता लावायचं कसं. जीमेलमध्ये सेटिंगच्या पहिल्याच पानावर, अगदी खाली, 不在通知 आहे. तिथे शेवटचा दिवस म्हणून ११ तारीख टाकायची. तो दिवस रात्री संपेपर्यंत उत्तर जात राहतं आणि मग आपोआप थांबतं. परतण्याची १२ तारीख तिथे टाकलीत, तर तुम्ही टेबलवर बसलेले असताना लोकांना "मी नाही" असं कळत राहील. आउटलुकमध्ये 自動応答 उघडलं की कंपनीच्या आतल्यांसाठी आणि बाहेरच्यांसाठी दोन वेगळे रकाने मिळतात. "सान"चा प्रश्न तिथे सुटतो. आतल्या उत्तरात फाइल कुठे ठेवली हेही लिहिता येतं. बाहेरचं उत्तर फक्त ओळखीच्या पत्त्यांना जावं अशीही सोय आहे, पण नवे ग्राहक लिहीत असतील तर ती लावू नका, त्यांना काहीच उत्तर मिळणार नाही.

एक लक्षात ठेवा. ही उत्तरं प्रत्येक मेलला जात नाहीत. आउटलुक एका माणसाला एकदाच पाठवतं, जीमेल त्याच माणसाला पुन्हा पाठवायचं तर चार दिवस थांबतं. म्हणजे पहिल्या उत्तरात तारीख चुकली असेल, तर नंतर चूक सुधारूनही ती ज्यांच्यापर्यंत पोचली त्यांच्या मनात चुकीचीच तारीख राहू शकते. म्हणून निघण्याच्या रात्री न लावता आदल्या दिवशी दुपारी लावा, सुरू होण्याची तारीख पुढची द्या आणि मजकूर दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या. मी तो भारतात बसलेल्या एका मैत्रिणीला पाठवते आणि विचारते, "मी कधी परत येणार, सांग बघू." तिने बरोबर दिवस सांगितला की माझं काम झालं.

आणि हो, ज्यांनी तुमच्यासाठी आठवडाभर फोन उचलले त्यांच्यासाठी बाकरवडीचं एक पाकीट बॅगेत वेगळं ठेवा. घरच्यांच्या हाती लागण्याआधी. शुभ दीपावली!