गाळ्याचे भाडे : उरलेला हिशेब

‘बिरसी विमानतळाजवळ गाळा घ्या, घरबसल्या भाडे खा’ हा एका पत्रलेखकाचा सल्ला अर्धाच हिशेब सांगतो. समजा, 20 लाखांचा गाळा मुद्रांक शुल्क, नोंदणीसह साडेएकवीस लाखांना पडला. भाडे महिना 10 हजार. दोन महिने गाळा रिकामा राहिला, कर-डागडुजीत 14 हजार गेले, तर वर्षाकाठी हाती 86 हजार. म्हणजे जेमतेम चार टक्के. इथली प्रवासी विमानसेवा 2022 मध्ये सुरू होऊन काही महिन्यांतच थांबली होती. गिऱ्हाईक आटले की भाडेकरूही टिकत नाही. गाळ्याऐवजी फंडांत विभागलेली रक्कमही बाजारासोबत घटते, पण गरजेपुरती काढता येते. गाळ्याची एक भिंत विकून मुलीची फी भरता येत नाही. तरीही गाळाच घ्यायचा, तर आधी शेजारची किती शटर बंद आहेत, ते मोजा.
— एक वाचक, बिरसी (जि. गोंदिया)