कारंजे का उडेना?

सातारच्या आमच्या हौदासाठी मी सांगलीहून पंप आणला. पाटीवर लिहिले होते, उंची ३ मीटर, पाणी ताशी २००० लिटर. मला तर दीडच मीटर धार हवी होती. हौद तीन मीटर रुंद, त्याच्या निम्म्याहून उंच धार वाऱ्याने बाहेर सांडते. पण बटण दाबले आणि धार उडाली जेमतेम फूटभर!

चूक माझीच. पाटीवरचे आकडे एकाच वेळी खरे नसतात. ३ मीटरवर पाणी थांबते. २००० लिटर मिळते ते चढ नसताना. धार, नोझलची उंची आणि नळीतले घर्षण धरून मला दोन मीटर चढ हवा होता. तेवढ्या उंचीवर नळी धरून वीस लिटरची बादली भरली. ७२ सेकंद लागले, म्हणजे ताशी हजार लिटर!

माझ्या १५ मिलिमीटर भोकाच्या नोझलला मात्र दीड मीटरसाठी साडेतीन हजार लिटर लागत होते. भोक निम्मे, तर पाणी चौथाई. साडेसात मिलिमीटरचे नोझल बसवले, त्याला नऊशे लिटर पुरले. पंप तोच, धार दीड मीटर. बारीक भोक कचऱ्याने तुंबते, म्हणून पंपाच्या तोंडाला जाळी तेवढी बांधली.

तेव्हा वाचकहो, आधी नोझल ठरवा, मग पंप!