आकडा पुरावा ठरतो का?

अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३मध्ये ‘टर्निटिन’चे एआय-लेखन ओळखणारे साधन बंद केले. आदल्या वर्षी तेथे ७५ हजार लेखनकामे ‘टर्निटिन’कडे तपासणीसाठी गेली होती. कंपनी सांगते तशी चूक एकच टक्का धरली, तरी सुमारे ७५० कामांवर खोटा ठपका बसला असता.

समजा, हजारांतल्या ५० विद्यार्थ्यांनी एआयकडून लिहून घेतले आणि साधनाने त्यातले ४० पकडले. उरलेल्या ९५० प्रामाणिकांतलेही एक टक्का, म्हणजे नऊ-दहा जण त्यात अडकतात. चौकशी समितीपुढे उभा असलेला विद्यार्थी त्या चाळिसांतला की या दहांतला, हे आकडा सांगत नाही.

वाङ्मयचौर्यात मूळ मजकूर शेजारी ठेवून दाखवता येतो. इथे शेजारी ठेवायला काहीच नसते. मग विद्यार्थ्याने खोडायचे तरी काय? म्हणून आरोपाचा आधार त्याला आधी कळवावा, कच्चे खर्डे आणि फाइलमधील बदलांचा इतिहास पाहावा, त्याच विषयावर तोंडी प्रश्न विचारावेत. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी संस्थेचीच. त्यातून काहीच निघाले नाही, तर केवळ टक्केवारीवर शिक्षा देता येत नाही.