आधी शब्दांची यादी, मग सारांश

आठवीपर्यंत तुर्भ्यात मराठी माध्यमात शिकून परदेशी गेलेला मुलगा तिथल्या भौतिकशास्त्राच्या तासाला अडला, की इथली नववीतली मावसबहीण ‘गतीचे नियम’ या धड्याच्या पानांचे फोटो काढते आणि इंग्रजीत सारांश लिहून पाठवते. असा सारांश अनेक घरांत लिहिला जातो. तो लिहिण्याआधी संज्ञांची यादी करायलाच हवी, असे माझे मत आहे.

अनेकांना वाटते, आशय कळला की पुरे. पण याच धड्यात ते पुरत नाही. समजा, लोकलने तुर्भ्याहून कोपरखैरणेला जाऊन परत आलो. जाता-येता मिळून ८ किलोमीटर झाले आणि अर्धा तास लागला असे धरू. कापलेले अंतर ८ किलोमीटर, पण विस्थापन शून्य, कारण आपण निघालो तिथेच पोहोचलो. म्हणून सरासरी चाल ताशी १६ किलोमीटर आणि सरासरी वेग शून्य. आता सारांशात चाल आणि वेग या दोन्हींना ‘स्पीड’ लिहिले, तर वाक्य असे होते : गाडीचा स्पीड १६ आहे आणि शून्यही आहे. वाचणाऱ्याला वाटेल, गणितच चुकले.

ही गफलत सहज होते, कारण बोलताना आपण ‘गाडीचा वेग’ म्हणतो तेव्हा चालच अभिप्रेत असते, आणि सामान्य शब्दकोशही वेगासमोर ‘स्पीड’ देतो. म्हणून प्रतिशब्द शब्दकोशातून घेऊ नयेत. बालभारतीचे हेच पुस्तक इंग्रजी माध्यमासाठीही आहे. तोच धडा शेजारी उघडून चाल म्हणजे स्पीड, वेग म्हणजे व्हेलॉसिटी, त्वरण म्हणजे ॲक्सलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम असे उतरवून घ्यावे. पुढच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्यात शक्तीला ‘पॉवर’च लिहावे, ‘फोर्स’ हा शब्द बलासाठी राखलेला आहे. एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की इंग्रजी रुक्ष वाटते, म्हणून काहीजण अधूनमधून पर्यायी शब्द घालतात. निबंधात ते शोभते, इथे मात्र वाचणारा नवी राशी शोधत बसतो.

फोटोचाही एक धोका आहे. पान वाकले किंवा प्रकाश चमकला की बारीक घातांक पुसट होतो. m/s² चे m/s झाले, तर त्वरणाच्या जागी वेगाचे एकक येते. शंका आली तर तेवढ्याच सूत्राचा जवळून दुसरा फोटो घ्यावा.

चिन्हांचे काय? आपले पुस्तक v = u + at लिहिते; अमेरिकी पुस्तकांत सुरुवातीचा वेग बहुधा v₀ असतो. u म्हणजेच v₀, हे सारांशाच्या माथ्यावर एकदा सांगावे आणि पुढे पुस्तकातले u शेवटपर्यंत ठेवावे. मध्येच बदलले, तर सोबतच्या फोटोतले सूत्र आणि सारांशातले सूत्र वाचणाऱ्याला जुळवता येत नाही.

पाठवण्याआधी सारांशातल्या प्रत्येक संज्ञेखाली रेघ ओढून ती यादीशी ताडून पाहावी. यादीत नसलेला शब्द दिसला, तर तो कोणत्या मराठी संज्ञेसाठी आला हे फोटोतच शोधावे.